‘जर्मनी’पुढचे एकेचाळीस पृष्ठांक

सराव परीक्षेत माझी सदतीस मिनिटे एका वाक्याच्या शोधात गेली. पेपर तीन तासांचा, प्रश्न तीन, म्हणजे एका उत्तराला धरून चालायचे तर एक तास. त्यातल्या अर्ध्याहून जास्त वेळ मी वह्यांची पाने उलटत होते. वाक्य होते जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मचे, ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या खलित्याला सर्बियाने दिलेल्या उत्तरावर त्याने लिहिलेला शेरा. ते मी वाचले होते, उतरवून घेतले होते, त्याच्याखाली लाल रेघही ओढली होती. पान डाव्या हाताचे होते, खाली शाईचा डाग होता, एवढे सगळे आठवत होते. वही कोणती, तेवढे आठवत नव्हते.

आमचा पेपर पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर होता आणि तो ओपन बुक होता. छापील पुस्तके आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोट्स नेता येणार होत्या, मोबाइल-लॅपटॉप नाही. म्हणजे शब्द टाइप करून शोधायची सोय नाही. जे सापडायचे ते कागदावर, हाताने. परीक्षा जाहीर झाली तेव्हा मला हायसे वाटले होते, कारण तारखा पाठ करायचे ओझे उतरले. सराव परीक्षेनंतर कळले की पाठांतराच्या जागी दुसरे काम आले आहे आणि ते मी केलेलेच नाही. माझ्याकडे तीन वह्या होत्या, सुट्या झेरॉक्सचा गठ्ठा होता, आणि त्यात आत शिरायला दार नव्हते.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. त्यातले पहिले दहा दिवस मी नवीन काहीही वाचले नाही. तेव्हा हा निर्णय जिवावर आला होता. आज विचारले तर मी तोच घेईन.

सुरुवात पृष्ठांकांपासून केली. तिन्ही वह्यांना सलग आकडे घातले: पहिली वही १ ते ७६, दुसरी ७७ ते १४८, तिसरी १४९ पासून पुढे आणि झेरॉक्स शेवटी, अशी एकूण २१४ पाने. ‘वही दोन, पान अकरा’ अशी पद्धत आधी करून पाहिली होती. घाईत वहीचा आकडा लिहायचा राहून जातो आणि मग ‘पान अकरा’ तीन ठिकाणी निघते. सलग आकड्यात ती भानगड उरत नाही. मध्ये नवे पान घालावे लागले तर ८७अ, ८७आ. आकडा पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जाड पेनाने, म्हणजे चाळताना अंगठ्याखालून दिसतो.

मग सूची. पहिल्या दिवशी मी प्रत्येक पान वाचत गेले आणि जे नाव दिसेल ते एका कार्डावर लिहून त्यापुढे पानाचा आकडा टाकत गेले. संध्याकाळपर्यंत गठ्ठा चांगलाच जाड झाला आणि मला वाटले काम झाले. दुसऱ्या दिवशी ‘जर्मनी’चे कार्ड हातात घेतले. त्यावर एकेचाळीस आकडे होते. परीक्षेत मला जर्मनीबद्दल काही हवे असेल तर हे कार्ड मला सांगणार होते, की एकेचाळीस पाने उघडून बघ. म्हणजे पुन्हा वह्या चाळणेच.

चूक कुठे होती ते त्या कार्डाने दाखवले. पानावर काय *आहे* याची मी नोंद केली होती. परीक्षेत त्या पानाकडे मी कशासाठी *येईन*, याची केली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या पेपरात ‘जर्मनी’ हा शब्द शोधायला कोणीच येत नाही. येते ते ‘जर्मनीने ऑस्ट्रियाला पाठिंबा दिला तो नेमका कधी आणि किती’ हे शोधायला. म्हणून स्वतःसाठी एक नियम केला: एका नोंदीपुढे पाचपेक्षा जास्त पृष्ठांक दिसले की ती फोडायची. जर्मनीचे कार्ड फोडल्यावर असे झाले:

जर्मनी
– ऑस्ट्रियाला पाठिंबा (५–६ जुलै): ४१, ४३, ११८
– सर्बियाच्या उत्तरावर प्रतिक्रिया: ५६, ५७
– लष्करी योजना व वेळापत्रक: ६२–६५, १३१
– बेल्जियमची तटस्थता: ७१, ७३
– युद्धोद्दिष्टे (सप्टेंबर १९१४): ९०, १४२
– जबाबदारीचा वाद: १३८–१४५, हेही पाहा: कलम २३१

एकेचाळीसपैकी वीस आकडे फोडताना गळून गेले. त्या पानांवर जर्मनीचा नुसता उल्लेख होता, शोधून तिथे पोहोचावे असे काही नव्हते. हे गाळणे मला आकडे लिहिण्यापेक्षा अवघड गेले, कारण प्रत्येक वेळी ठरवावे लागे: या पानावर मला उपयोगी पडेल असे एक तरी विधान आहे का? नसेल तर आकडा जातो. खरा अभ्यास या गाळण्यात झाला. ‘रशिया’, ‘युती व करार’, ‘बाल्कन’ अशी सगळी फुगलेली कार्डे याच चाळणीतून काढली. शेवटी सूची सहा पानांची झाली, एकशे नव्वदच्या आसपास नोंदी.

मराठीत सूची करताना आणखी एक अडचण येते आणि तिच्याकडे मी आधी अजिबात लक्ष दिले नव्हते: परकी नावे. माझ्याच नोट्समध्ये एका ठिकाणी ‘झार’ होता आणि दुसरीकडे ‘त्सार’. जर्मन चान्सेलर कुठे ‘बेथमान’ होता, कुठे ‘बेटमान-होल्वेग’, कुठे नुसताच ‘होल्वेग’. वाचताना अर्थ कळतो म्हणून खटकत नाही, पण सूचीत एकच माणूस ब आणि ह या दोन ठिकाणी विखुरतो आणि दोन्हीकडे अर्धवट सापडतो. मी एक रूप पक्के केले, बेथमान-होल्वेग, आणि ‘ह’मध्ये एक ओळ लिहिली: ‘होल्वेग: पाहा बेथमान-होल्वेग’. ऑस्ट्रियाचे तर मी ‘आ’नंतरही कार्ड केले होते आणि ‘ओ’नंतरही, कारण ऑ नेमका कुठे लावायचा हे ठरवलेच नव्हते. तो ‘आ’ला लागून घेतला आणि सूचीच्या डोक्यावर तसे लिहून टाकले. क्ष आणि ज्ञ शेवटी, हेही तिथेच. असे नियम डोक्यात ठेवले तर परीक्षेच्या दिवशी ते डोक्यातून जातात.

सूची जमली की नाही हे स्वतःला कळत नाही, कारण आपणच केलेली असते आणि शब्द आपलेच असतात. म्हणून धाकट्या भावाला समोर बसवले. त्याला इतिहासाची विशेष आवड नाही, आणि तेच मला हवे होते. त्याच्या हातात पाठ्यपुस्तक दिले आणि सांगितले, कुठलाही शब्द, कुठलाही मुद्दा विचार; मी सूचीतून पान काढून त्या ओळीवर बोट ठेवेपर्यंत वीस सेकंद.

“ताई, कोरा चेक.”

नाही सापडला. नोंद ‘जर्मनी – ऑस्ट्रियाला पाठिंबा’ अशी होती आणि ‘क’मध्ये मी बघत बसले.

“निर्वाणीचा खलिता?”

सापडला. “त्यातली सहावी मागणी?” नाही सापडली. खलित्याच्या नोंदीत पाच पृष्ठांक होते, सहाव्या मागणीला वेगळी ओळ नव्हती. आणि त्या पूर्ण प्रकरणात ती एक मागणी अशी, की जिच्यावर प्रश्न हमखास येतो: ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधींना सर्बियाच्या भूमीवरच्या तपासात भाग घेऊ द्यावा, ही. सर्बियाने इतर बरेचसे मान्य केले आणि नेमकी हीच, आपल्या राज्यघटनेविरुद्ध जाते म्हणून, नाकारली.

पंचवीस शब्दांपैकी चौदा वेळेत सापडले. उरलेले अकरा मी एका कागदावर लिहिले आणि प्रत्येकापुढे का चुकले ते लिहिले. आठ ठिकाणी कारण एकच होते. माहिती वहीत होती, नोंदही होती, पण प्रश्न विचारणारा ज्या शब्दाने येतो तो शब्द सूचीत नव्हता. तिथे ‘पाहा’च्या ओळी घातल्या: ‘कोरा चेक: पाहा जर्मनी – पाठिंबा’, ‘अल्टिमेटम: पाहा निर्वाणीचा खलिता’, ‘मोबिलायझेशन: पाहा जमवाजमव’. दोन दिवसांनी नवे पंचवीस शब्द घेतले तेव्हा बावीस सापडले. भाऊ म्हणाला, “आता तू पान बघायच्या आधीच उत्तर सांगतेस.” ते खरे होते. सूची करता करता बरेच काही डोक्यात बसले होते.

आता अवतरणांकडे येते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे होती.

वह्यांमध्ये अवतरणचिन्हांत घातलेली सत्तरेक वाक्ये होती. ती सगळी कार्डांवर घ्यायची म्हणून बसले आणि प्रत्येक वाक्य छापील पुस्तकाशी ताडून पाहू लागले. व्हर्सायच्या तहाच्या २३१व्या कलमाशी येऊन थांबले. माझ्या वहीत अवतरणचिन्हांत असे होते: “जर्मनी युद्धासाठी दोषी आहे.” कलमाचा मजकूर उघडला तर त्यात असे वाक्यच नाही. कलम म्हणते की जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांनी लादलेल्या युद्धामुळे दोस्तराष्ट्रांचे व त्यांच्या नागरिकांचे जे नुकसान झाले, त्याची *जबाबदारी* जर्मनी स्वीकारते. ‘दोष’ हा शब्द तिथे नाही. ‘युद्धदोषाचे कलम’ हे नाव त्याला नंतर चिकटले. वर्गात कोणीतरी सारांश सांगितला असेल, मी तो अवतरणचिन्हांत लिहिला आणि वर्षभर तेच तहाचे शब्द समजून चालले होते. पुढचे २३२वे कलम तर लगेच मान्य करते, की सगळे नुकसान भरून द्यायला जर्मनीची साधनसंपत्ती पुरेशी नाही. ही दोन कलमे एकत्र वाचली की २३१ हे भरपाईचा कायदेशीर पाया घालण्यासाठी आले आहे हे दिसते. ‘जबाबदारी’ आणि ‘दोष’ यांतला फरक हाच ज्या प्रश्नाचा गाभा, तिथे माझे खोटे अवतरण मला बुडवणार होते.

त्यानंतर मी पक्के केले: अवतरणचिन्ह फक्त ताडून पाहिलेल्या वाक्याला. बाकी सगळे सारांश, आणि सारांशाच्या आधी ‘सा.’ असे लिहायचे. मराठीत हे दुप्पट महत्त्वाचे आहे, कारण मूळ इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच असते आणि आपण वापरतो ते भाषांतर. म्हणून कार्डावर ‘भा.’ आणि भाषांतर कोणाचे – पुस्तकातले की माझे – हेही आले. सत्तरपैकी ताडल्यावर टिकली चाळीस. त्यातली उपयोगाची निघाली सव्वीस.

उपयोगाची म्हणजे काय, हे आमच्या मॅडमनी सराव परीक्षेचा पेपर परत देताना समासात लिहिले होते: “हे वाक्य इथे काय करते आहे?” मी त्याच प्रश्नाचे रकाने केले. प्रत्येक कार्डावर: कोण बोलले, कोणाला, कधी, *नोंद* कधी आणि कोणी केली, यातून काय सिद्ध होते, काय सिद्ध होत नाही, आणि पान. बोलल्याची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी ठेवायची कल्पना मला एका वाक्याने दिली. युरोपभरचे दिवे मालवत आहेत आणि आपल्या हयातीत ते पुन्हा लागलेले आपल्याला दिसणार नाहीत, असे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे म्हणाले, हे ते वाक्य. प्रत्येक पुस्तकात आहे. माझ्या वहीत त्यापुढे ‘३ ऑगस्ट १९१४’ अशी तारीख होती आणि मी ते ‘मुत्सद्दी हतबल होते’ या मुद्द्याचा बिनतोड पुरावा म्हणून ठेवले होते.

कार्ड भरताना ‘नोंद कधी’ या रकान्याशी अडले. शोधले तर ते वाक्य येते ग्रे यांच्याच आठवणींत, आणि त्या प्रकाशित झाल्या १९२५मध्ये. शिवाय तिथे ते सांगतात की एक मित्र त्या आठवड्यात संध्याकाळी भेटायला आला होता, आणि त्या मित्राला वाटते की तो सोमवार, ३ ऑगस्ट असावा. म्हणजे तारीख मित्राच्या आठवणीवर उभी आहे. वाक्य खोटे ठरत नाही. पण ते ज्या प्रश्नाला मी लावणार होते त्याला ते पुरत नाही. ऑगस्ट १९१४मध्ये ग्रे यांच्या मनात काय होते याचा तो समकालीन पुरावा नाही. युद्ध संपून सात वर्षे झाल्यावर ते संकट त्यांना कसे आठवत होते आणि कसे आठवले जावे असे वाटत होते, याचा तो पुरावा आहे. त्या कार्डाच्या ‘काय सिद्ध होते’मधले सगळे मी खोडले आणि लिहिले: ‘युद्धानंतरच्या आठवणींतली हतबलतेची प्रतिमा.’ तेच वाक्य, पण आता ते दुसऱ्या उत्तरात जाणार होते.

या रकान्याने पुढे बरीच उलथापालथ केली. बेथमान-होल्वेग यांचा ‘कागदाचा कपटा’ हा शब्दप्रयोग, बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९च्या लंडन तहाबद्दल, ४ ऑगस्टला ब्रिटिश राजदूत गॉशेन यांच्याशी झालेल्या भेटीतला. तो आपल्यापर्यंत पोहोचतो गॉशेन यांनी नंतर लिहिलेल्या अहवालातून. बोलणारा एक, लिहून ठेवणारा दुसरा, आणि लिहिणारा त्या क्षणी शत्रुराष्ट्राचा प्रतिनिधी. सप्टेंबर १९१४चे, जर्मनीच्या युद्धोद्दिष्टांचे टिपण ९ तारखेचे आहे. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१मध्ये त्याच्या आधारे मोठा वाद उभा केला. पण ते टिपण युद्ध सुरू होऊन महिना उलटल्यावरचे आहे. जुलैमध्ये हेच उद्दिष्ट होते असे म्हणायला मधला दुवा दाखवावा लागतो. त्या कार्डाच्या ‘सिद्ध होत नाही’मध्ये मी तेवढेच लिहिले: ‘जुलैतला हेतू. एकट्याने नाही.’

आणि कैसरचा तो शेरा, ज्याने सदतीस मिनिटे खाल्ली. त्याचे कार्ड मी सगळ्यात सावकाश केले. सर्बियाचे उत्तर २५ जुलैला संध्याकाळी सहाच्या आत बेलग्रेडमध्ये दिले गेले. अठ्ठेचाळीस तासांची मुदत तेव्हा संपत होती. कैसरने ते वाचले २८ जुलैच्या सकाळी. त्यावर त्याने लिहिले, की अवघ्या अठ्ठेचाळीस तासांत दिलेले हे उत्तर फार चांगले आहे, व्हिएन्नाचा हा मोठा नैतिक विजय आहे, आणि यामुळे युद्धाचे प्रत्येक कारण नाहीसे होते. (सा., भाषांतर माझे.) त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले.

आता हे एकटे कार्ड वाचले तर कैसर शांततावादी वाटतो. पण माझ्याकडे दुसरेही कार्ड होते: व्हिएन्नाच्या जर्मन राजदूताच्या ३० जूनच्या अहवालाच्या समासात त्याच कैसरने लिहिलेले ‘आता नाही तर कधीच नाही’. आणि तिसरे, ५ जुलैचे, ऑस्ट्रियाला पाठिंब्याचे आश्वासन. तिन्ही कार्डांच्या कोपऱ्यात मी एकमेकांचे क्रमांक टाकले, म्हणजे एक काढले की बाकीची दोन आपोआप समोर येतील. दोन समासातले शेरे आहेत, एक प्रत्यक्ष दिलेले आश्वासन. समासातला शेरा म्हणजे आदेश नव्हे, तो वाचणाऱ्याच्या मनातली लहर दाखवतो, म्हणून त्या दोन कार्डांवर ‘शेरा’ असा शिक्का. आश्वासनावर ‘कृती’. एकाच माणसाचे मत आणि कृती यांत साडेतीन आठवड्यांत एवढा फरक पडतो, ही माझ्या उत्तराची खरी सामग्री होती आणि ती कुठल्याही एका अवतरणात नव्हती.

रंगीत चिकटपट्ट्यांबद्दल थोडे. आधी सात रंग घेतले: प्रत्येक देशाला एक आणि इतिहासकारांना एक. चार दिवसांत हिरवा रशिया की फ्रान्स हे आठवेना, आणि एका पानावर चार पट्ट्या झाल्या की कुठलीच दिसत नाही. देश तर सूचीतही होते, मग रंगाने तेच पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. सगळ्या काढल्या आणि तीनच रंग ठेवले: त्याच वेळची नोंद – पिवळा, नंतरची आठवण – निळा, इतिहासकाराचे मत – गुलाबी. सूची सांगते कुठे, रंग सांगतो कितपत विश्वासाने. उत्तर लिहिताना एखाद्या मुद्द्याखाली सगळे निळेच दिसू लागले तर थांबून एखादा पिवळा शोधायचा, एवढे त्यातून साधले.

शेवटची भर तारखांच्या पानाची. ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या २८ जूनच्या साराजेव्होतल्या हत्येपासून ४ ऑगस्टपर्यंत सदतीस दिवस, एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला घटना, तिसरीकडे माझ्या नोट्सचे पान. हे करताना एक विचित्र गोष्ट निघाली. माझ्या एका झेरॉक्सवरून मी ‘रशियाचा सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम – १७ जुलै’ असे उतरवले होते. दुसऱ्या वहीत तोच हुकूम ३० जुलैचा होता. पहिली तारीख खरी धरली तर रशियाने सैन्य जमवले ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या खलित्याच्याही आधी, कारण खलिता २३ जुलैचा. म्हणजे सगळ्या संकटाचा अर्थच उलटला असता. खुलासा साधा होता: रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते, आपल्या तारखेपेक्षा तेरा दिवस मागे. १७ जुलै आणि ३० जुलै हा एकच दिवस. पूर्ण महिना नोट्स वाचूनही ही विसंगती मला दिसली नव्हती. सगळ्या तारखा एका ओळीत मांडल्या तेव्हा ती आपोआप वर आली. रशियन कागदांवरून घेतलेल्या प्रत्येक तारखेपुढे मी ‘जु.’ किंवा ‘न.’ लिहिले.

परीक्षेच्या दिवशी बाकावर मांडणी अशी होती: डावीकडे तीन वह्या आणि गठ्ठा, समोर सूचीची सहा पाने आणि तारखांचे पान, उजवीकडे अवतरणांची सव्वीस कार्डे. पुस्तके पिशवीत खाली, आणि ती मी एकदाच काढली. पहिला प्रश्न होता, जुलै १९१४च्या संकटात जर्मनीची भूमिका निर्णायक होती असे म्हणता येईल का.

पहिली आठ मिनिटे वही उघडली नाही. कच्च्या कागदावर माझे म्हणणे दोन ओळींत लिहिले: पाठिंबा निर्णायक होता, पण त्यामागे एकच ठाम योजना होती हे उपलब्ध नोंदी दाखवत नाहीत. त्याखाली चार मुद्दे. मग प्रत्येक मुद्द्यापुढे सूचीतून पृष्ठांक आणि कार्डाचा क्रमांक. हे उलट क्रमाने केले – आधी पाने, मग म्हणणे – तर उत्तर म्हणजे नोट्सची नक्कल होते, हे मला सराव परीक्षेत कळले होते. कैसरची तीन कार्डे एका परिच्छेदात आली. सप्टेंबरचे टिपण आले ते ‘यावरून जुलैतला हेतू सरळ काढता येत नाही’ या वाक्यासह. एकूण सहा वेळा वह्या उघडल्या, प्रत्येक वेळी मिनिटाच्या आत बंद केल्या.

दुसरा प्रश्न युतींचा, तो ठीक गेला. तिसऱ्याने मात्र अडवले. युद्धाला सामान्य लोकांचा उत्साही पाठिंबा होता या समजुतीची चिकित्सा करा, असा तो होता. मी सूचीत ‘जनमत’ शोधले. नव्हते. ‘लोकभावना’, ‘वृत्तपत्रे’, ‘राष्ट्रवाद’ पाहिले. ‘राष्ट्रवाद’खाली तीन पाने होती आणि तिन्ही बाल्कनबद्दल. सूचीचा दोष नव्हता. माझ्या २१४ पानांत ते वाचनच नव्हते. सूचीने एवढे मात्र केले, की नाही म्हणून दोन मिनिटांत सांगितले. तिच्याशिवाय मी वीस मिनिटे शोधत राहिले असते. तेव्हा पिशवीतले एक पुस्तक काढले, त्याच्या मागच्या सूचीत ‘समाजवादी पक्ष’ पाहिले, आणि जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅट पक्षावर उत्तर उभे केले. जुलैच्या अखेरीस याच पक्षाने युद्धाविरुद्ध मोठी निदर्शने केली आणि ४ ऑगस्टला त्याच पक्षाने राइशस्टाग या जर्मन संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले. उत्तर जरा अरुंद झाले. पण त्यात माझ्या हाती पक्का असलेला एक तरी विरोधाभास होता.

शेवटची दहा मिनिटे नवीन काही लिहिले नाही. उत्तरांतले प्रत्येक अवतरणचिन्ह कार्डाशी ताडले. एका ठिकाणी घाईत मी ग्रे यांच्या वाक्यापुढे ‘३ ऑगस्ट १९१४ रोजी म्हणाले’ असे लिहिले होते. ते खोडून ‘१९२५च्या आठवणींत लिहितात’ असे केले. कार्डाच्या कोपऱ्यात निळी पट्टी होती, म्हणून तिकडे लक्ष गेले.

घरी आल्यावर एक कोरे कार्ड घेतले, ‘जनमत’ असे शीर्षक घातले आणि पृष्ठांकाची जागा मोकळी ठेवली. पुढच्या सत्रात दुसऱ्या महायुद्धाचा पेपर आहे. त्या वह्यांना पहिल्याच दिवसापासून सलग आकडे घालते आहे.